छत्तिसाव्यानंतर सदतिसावं

लक्ष्मीकांत गुप्ते यांनी उभ्या आयुष्यात एकच काम मनापासून केलं. ते लोकांचे आवाज कापत. बडोद्याच्या सयाजीगंजातल्या एका कॉलेजात भाषा-प्रयोगशाळा नावाची खोली होती आणि तिथे एकतीस वर्षं ते तंत्रसहायक होते. मुलं कानाला हेडफोन लावून बसायची. टेपमधली बाई परक्या भाषेतलं एक वाक्य म्हणायची, मग तेवढाच वेळ टेप गप्प बसायची, त्या वेळात मुलांनी तेच वाक्य म्हणायचं. ती गप्प बसणारी जागा गुप्त्यांनी घडवलेली असे. ब्लेडने टेप तिरकी कापायची, मध्ये कोरा तुकडा जोडायचा, वरून चिकटपट्टी. बाईचा खोकला, खुर्चीची करकर, वाक्याआधीचा श्वास, सगळं गुप्त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात जायचं. प्राध्यापक यायचे आणि जायचे, पण ‘गुप्तेभाईनुं कटिंग’ म्हणून त्या खोलीत जे नाव झालं ते कायम राहिलं. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

गळा मात्र देवाने त्यांना दिला नव्हता. सूर कळायचा, चुकला की कपाळावर आठी पडायची, पण स्वतः तोंड उघडलं की शेजारचे वळून बघायचे. एरवी याने काही बिघडलं नसतं. पण गुप्त्यांच्या घराण्याला एक कडवं होतं.

हे कडव्याचं प्रकरण बडोद्याबाहेरच्यांना सांगावं लागतं. रावपुऱ्यातल्या एका गल्लीत दत्ताचं लहानसं मंदिर आहे. तिथल्या कुणा जुन्या कारकुनाने एक्याऐंशी कडव्यांचं स्तवन रचलं आणि मरताना ते एक्याऐंशी घरांना वाटून दिलं. दत्तजयंतीला प्रत्येक घराने आपापलं कडवं म्हणायचं. एकाचा शेवटचा ‘दत्तराया’ हवेत असतानाच दुसऱ्याने उचलायचं. पेटी थांबत नाही, झांज थांबत नाही, स्तवन तुटू द्यायचं नाही. ज्या घराचं कडवं उचललं जाणार नाही त्याचं कडवं वाट बघणाऱ्यांतल्या पुढच्या घराला जातं, आणि अशी घरं कमी नाहीत. मांजलपूरच्या नव्या सोसायट्यांत राहायला गेलेली अर्धा डझन कुटुंबं तर नंबर लावून बसली आहेत. कुणाचं कडवं कोणी म्हटलं हे भास्करराव नावाचे गृहस्थ एका वहीत दरवर्षी लिहितात.

गुप्त्यांचं कडवं सदतिसावं. आधी वडील म्हणत, मग थोरले बंधू आनंदराव. यंदा आनंदराव मुलाकडे बंगळूरला कायमचे गेले. मागे उरले आमचे गुप्ते, म्हणजे कान होते आणि गळा नव्हता. त्यांना मुलगा नाही, एकुलती एक मुलगी निरुपमा, आणि तिने लग्न केलं ते गुजराती घरात. तिची मुलगी चारुलता, वय वर्षं सात. तिला मराठी ऐकून समजायचं, वाचता यायचं नाही, आणि बोलताना अर्ध्या वाटेवर ती गुजरातीत शिरायची. पण गळा असा की सोसायटीच्या गरब्यात बायका खेळायच्या थांबून ऐकायच्या.

“चारू म्हणेल,” गुप्ते मंदिरात म्हणाले.

“मुलीची मुलगी म्हणजे जावयाचं घर,” सुभानराव म्हणाले. सुभानरावांचं कडवं छत्तिसावं, म्हणजे गुप्त्यांच्या बरोबर आधीचं. त्यांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. स्वतः सुभानराव एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, पण ऐंशीला टेकलेला तो माणूस अजून घोड्यावर बसल्यासारखाच सतरंजीवर बसायचा. “कडवं गुप्त्यांना दिलंय. उद्या तुम्ही सोसायटीच्या वॉचमनलापण बसवाल.”

भास्कररावांनी वही मिटली. “तीन तालमी आहेत, तीन गुरुवार. एकदा जरी पोरीने वेळेवर उचललं तरी बसवू. नाही उचललं, तर कडवं पुढच्या घराला.”

गुप्त्यांना काळजी वाटली नाही. पोरीला कडवं ऐकवून पाठ करून घेणं, म्हणजे एकतीस वर्षं जे केलं तेच. शिवाय त्यांच्याकडे टेप होती. बेचाळीस वर्षांपूर्वी कॉलेजचं स्पूलवालं यंत्र रिक्षात घालून त्यांनीच अख्खं स्तवन टेप केलं होतं. पुढे स्पूलवरून कॅसेट केली, कॅसेटवरून काँप्युटर. बावन्न मिनिटं, एका दमात.

आता या बावन्न मिनिटांतून एक कडवं काढायचं म्हणजे काय ते करून बघावं. काँप्युटरच्या पडद्यावर आवाज लाटांच्या पट्ट्यासारखा दिसतो. भाषणाच्या टेपमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये पट्टा बारीक होतो, तिथे कापायचं. इथे पट्टा कुठेच बारीक होत नव्हता. पेटी आणि झांज अखंड चालू, आणि सगळी कडवी संपतात त्याच ‘दत्तराया’वर. नुसतं बघून छत्तिसावं कुठलं आणि अडतिसावं कुठलं, काही कळेना. गुप्त्यांनी पहिल्यापासून बोटं मोजत ऐकलं, चुकले, पुन्हा मोजलं. अखेर वडिलांचा आवाज आला, “तेल नाही वात, तरी जळे ज्योत,” आणि ते सरसावून बसले.

सुभानरावांचा ‘या’ लांबत जातो, तो विरतो ना विरतो तोच वडील श्वास घेतात, आणि मग ‘तेल’. पट्टा मोठा मोठा करत त्यांनी तो श्वास शोधला. जेमतेम पाव सेकंदाचा. त्यांनी श्वासासकट मागचं सगळं उडवलं. लाट जिथे मधली रेघ ओलांडते नेमकं तिथे काप घेतला, म्हणजे खट्‌ असा आवाज येत नाही. शेवटी ‘दत्तराया’ हळू हळू मावळवला, म्हणजे पुढच्या घरचं काही आत यायला नको. अडतीस सेकंदांचा तुकडा निघाला. त्याला त्यांनी नुसत्या पेटीच्या सुराचे अडतीस सेकंद जोडले आणि सगळं पुन्हा पुन्हा वाजेल असं करून मुलीच्या मोबाइलवर पाठवलं. ऐका आणि म्हणा. आधी पणजोबा म्हणणार, मग रिकाम्या जागेत चारू म्हणणार, मग पुन्हा पणजोबा.

चार दिवसांत कडवं तोंडपाठ झालं. रविवारी फ्लॅटच्या बाल्कनीत तिने ते म्हणून दाखवलं तेव्हा गुप्त्यांच्या बायकोने, अहल्याबाईंनी, डोळ्यांना पदर लावला. गुप्त्यांनी लावला नाही, पण बिस्किटांचा डबा शोधायला म्हणून आत जाऊन उगाच पाच मिनिटं उभे राहिले.

पहिल्या गुरुवारी तालमीत छत्तिसावं संपलं, सुभानरावांचा ‘दत्तराया’ लांबला, विरला, आणि चारू बसून राहिली. घाबरलेली दिसत नव्हती. मान जरा कलती करून, कान देऊन, शहाण्यासारखी बसली होती. झांज वाजत राहिली. भास्कररावांनी मग स्वतःच सदतिसावं म्हटलं आणि ते संपल्याबरोबर या बयेने खणखणीत आवाजात सुरुवात केली, “तेल नाही वात.” तिकडे अडतिसाव्या घरच्या बाईंनी आपलं उचललं होतं. दोन्ही कडवी एकमेकांत अडकली आणि पेटीवाल्याने हात जोडले.

“झालं?” सुभानराव म्हणाले.

गुप्त्यांना काही सुधरेना. पोरगी म्हणते तर अचूक. मग वेळेवर का म्हणत नाही? घरी येताना स्कूटरवर त्यांनी तिला विचारलं, “बेटा, का नाही उचललंस?”

“म्हटलं ने, आजोबा,” चारू म्हणाली. “जोरथी म्हटलं.”

रात्रभर विचार करून त्यांना वाटलं, सूर. स्पूलचं यंत्र जुनं, कॅसेटचं त्याहून वेगळं, दोन्हींचा वेग कधीच सारखा नसतो. वेग वाढला की सूर चढतो. मंदिरातल्या पेटीशी ताडून बघितलं तर खरंच टेप अर्ध्या पट्टीने वर होती. तेव्हा पोरीचा कान एका सुरात तयार झाला आणि तिथे सूर निघाला भलताच. गुप्ते खूश झाले. सगळी टेप त्यांनी नीट सुरात उतरवून घेतली, कडवं पुन्हा कापलं, पुन्हा तितकंच स्वच्छ, आणि पुन्हा पाठवलं. चारूने आठवडाभर नव्या सुरात घोटलं.

दुसऱ्या गुरुवारी तेच. मान कलती, कान तयार, तोंड बंद. या वेळी भास्कररावांनी पेटी थांबवली. मोठा सज्जन माणूस. त्यांनी तिला जवळ घेतलं.

“चारू, तुझ्या आधी कोण म्हणतं, ठाऊक आहे?”

“हो.”

“कोण?”

“पणजोबा,” चारू म्हणाली. “पहिले पणजोबा म्हणतात, पछी मी. आज पण ते आलेच नाही.”

मंदिरात सगळे गार पडले. पणजोबांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. मागच्या रांगेतल्या एका आजींनी हात जोडले, दुसऱ्या बाईने चारूच्या पायांकडे निरखून बघितलं, आणि पेटीवाला, जो एरवी कशालाच हलत नाही, तो उठून पाणी प्यायला गेला. कुणीतरी म्हणालं की पोरीला दर्शन होतं. सुभानराव म्हणाले की दर्शन होत असेल तर उत्तम आहे, पण कडवं वेळेवर उचलायला दर्शनाची नाही, लक्षाची गरज असते.

घरी अहल्याबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. निरुपमा चिडली. “बाबा, नको हे सगळं. ती लोकं तिला आधीच परकी समजतात, आता झपाटलेली समजतील. काल मला विचारत होती, मम्मी, आपलं घर तिथे नथी? मी काय सांगू तिला?”

गुप्ते पुन्हा काँप्युटरशी जाऊन बसले. गोंधळ असा की गोंधळाचं टोकही सापडेना. सूर बरोबर, शब्द बरोबर, गळा बरोबर, पोरगी भित्री नाही, आणि तरी तिथे गेलं की काहीतरी बिनसतं. आपल्या कामात चूक असेल हे मात्र त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. काप इतका सुंदर होता.

शनिवारी दुपारी ते मांजलपूरला मुलीकडे सोफ्यावर आडवे झाले होते. आतल्या खोलीत मोबाइल वाजत होता. वडील म्हणाले, “ऐसी तुझी मात, दत्तराया.” मग चारू म्हणाली. मग वडील म्हणाले. मग चारू म्हणाली. अर्धवट झोपेत गुप्ते मनातल्या मनात मोजत होते, आणि मोजता मोजता ताडकन उठून बसले. तीन आठवडे ही पोर जेव्हा जेव्हा ‘तेल नाही वात’ म्हणाली, तेव्हा त्याच्या आधी तिच्या कानावर एकच गोष्ट पडली होती: स्वतःचंच कडवं. सदतिसाव्याच्या आधी सदतिसावं. छत्तिसावं तिने आयुष्यात ऐकलंच नव्हतं. ते गुप्त्यांनी श्वासासकट कचऱ्यात टाकलं होतं. मंदिरात ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी वाट बघत बसायची की आता कुणीतरी आपलं कडवं म्हणून दाखवेल आणि मग आपली पाळी येईल. भास्कररावांनी म्हटलं की ती लगेच म्हणायची. तिने नियम मोडलाच नव्हता. नियम गुप्त्यांनी चुकीचा शिकवला होता.

त्यांना इतकी लाज वाटली की ते कुणाला न सांगता जिना उतरून खाली गेले आणि पार्किंगमध्ये स्वतःच्या स्कूटरवर बसून राहिले. एकतीस वर्षांत त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेली मुलं खऱ्या माणसासमोर का अडखळायची, हा प्रश्न प्राध्यापक दरवर्षी विचारत असत. गुप्ते तेव्हा हेडफोन तपासत.

आता काय करायचं हे तर दिसत होतं, पण ते त्यांना पटवून घ्यायला अवघड गेलं. चारूला तिच्या कडव्याचा सराव व्हायला हवा असेल तर तुकड्यात तिचं कडवंच नको. छत्तिसाव्याची शेवटची दोन चरणं, “हाची एक ठेवा, दत्तराया,” लांबणारा ‘या’, तो पाव सेकंदाचा श्वास, आणि त्यापुढे नुसती पेटी. त्या पेटीत तिने घुसायचं. गुप्त्यांनी टाकून दिलेली जागा टेपमधून पुन्हा काढली आणि कापायला बसले. तेव्हा दुसराच घोळ समोर आला. टेपमधले सुभानराव सदतीस वर्षांचे होते. दोन चरणं ते एका दमात बारा सेकंदांत म्हणून मोकळे. आजचे सुभानराव ‘ठेवा’वर थांबतात, दम घेतात, कधी मान डोलवतात, मग ‘दत्तराया’. चारूने या टेपवर घोटलं असतं तर ती म्हाताऱ्याच्या आधीच सुरू झाली असती.

म्हणजे आजचे सुभानराव हवे. म्हणजे त्यांच्याकडे जायला हवं.

रविवारी सकाळी गुप्ते रावपुऱ्यात सुभानरावांचा जिना चढले. रखमाबाईंनी, म्हणजे सुभानरावांच्या पत्नीने, दार उघडलं. सुभानराव पेपर वाचत होते. गुप्त्यांनी प्रस्तावना केली ती अशी की स्वतःलाच समजेना आपण काय बोलतोय, आणि शेवटी मोबाइल पुढे करून टेपमधलं छत्तिसावं लावलं. “थकलिया जीवा, देई तू विसावा.”

“हा कोण?” सुभानरावांनी विचारलं.

“तुम्ही.”

सुभानरावांनी पेपर खाली ठेवला. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. रखमाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“हा फार घाई करतो,” सुभानराव म्हणाले.

“म्हणून तर आलो. तुमचं आत्ताचं म्हणणं टेप करून न्यायचंय. शेवटची दोन चरणं. चारूला त्याच्यावरून उचलायला शिकवायचंय.” आणि मग, जे सांगायचं नाही असं ठरवून आले होते तेच गुप्त्यांच्या तोंडून निघालं. “चूक तिची नाही, सुभानराव. माझी आहे. तुमचं कडवं मी कापून टाकलं होतं.”

सुभानरावांनी खाली ठेवलेल्या पेपरची घडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावरून राग आहे की नाही हे गुप्त्यांना ओळखता येईना.

“मी गायचं, तुम्ही त्या डबीत भरायचं, आणि पोरीने डबीकडून शिकायचं,” ते म्हणाले. “मी मेलोय का? तिलाच घेऊन या.”

मग रविवार ते बुधवार रोज संध्याकाळी गुप्ते चारूला स्कूटरवर बसवून मांजलपूरहून रावपुऱ्यात नेत. तरी मोबाइलवर त्यांनी पहिल्याच दिवशी सुभानरावांचं छत्तिसावं टेप करून घेतलं, कारण सवय. ती दोन चरणं, श्वास, आणि पुढे पेटी. चारू घरीही त्यावर म्हणायची. सुभानराव तिच्याशी गोड बोलत नसत. “पाठ ताठ,” म्हणत. “माझ्या तोंडाकडे बघू नको, श्वासाकडे बघ.” ती म्हणायची, “दादाजी, तमे धीरे धीरे करता.” ते म्हणायचे, “मराठीत बोल.” मग ती मराठीत तेच म्हणायची. रखमाबाई दोघांना लाडू द्यायच्या. सुभानरावांच्या मनात काय चाललंय ते गुप्त्यांना अजूनही समजत नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती.

तिसऱ्या गुरुवारी चारूने उचललं. अगदी जागेवर. भास्कररावांनी वहीत बारीक खूण केली. सुभानराव तिच्याकडे न बघता झांज नीट करत बसले.

दत्तजयंतीच्या दिवशी मंदिर भरून गेलं होतं. गुप्ते खांबाला टेकून उभे होते, बसायला जागा असूनही. तिसावं गेलं, बत्तिसावं गेलं, पस्तिसाव्याला ते खांब सोडून सरळ उभे राहिले. सुभानरावांनी उचललं. “थकलिया जीवा.” आवाज आज बारीक होता. सकाळपासून उपास, वय ऐंशी. “देई तू विसावा.” ते थांबले. दम घेतला. सगळ्यांना वाटलं, वय झालं, चालायचंच. मग पेटीचे सूर पुढे गेले आणि सुभानराव गेले नाहीत. ओठ हलले, आवाज निघाला नाही. त्यांनी छातीवर हात ठेवला, मान हलवली, डोळे भास्कररावांकडे गेले. भास्करराव वहीत पाहत होते. झांजवाल्याचा हात मंदावला. या मंदिरात स्तवन तुटल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

“हाची एक ठेवा,” चारू म्हणाली.

तिने ते सुभानरावांसारखं म्हटलं. ‘ठेवा’वर थांबली, दम घेतला, मान किंचित डोलवली. मग “दत्तराया,” आणि तो ‘या’ लांबवत लांबवत नेला, कारण तो लांबायचाच असतो हे तिला ठाऊक होतं. तो विरता विरता तिने श्वास घेतला आणि लगेच, तितक्याच शहाणपणाने, “तेल नाही वात, तरी जळे ज्योत.” तिच्या दृष्टीने मध्ये काही घडलंच नव्हतं. आधी हे येतं, मग हे. अडतिसाव्या घरच्या बाई इतक्या भांबावल्या होत्या की त्यांनीही उचललं ते केवळ सवयीने.

गुप्ते खांबाला टेकून खाली बसले. आनंद झाला की भय वाटलं हे त्यांना सांगता आलं नसतं. दुसऱ्या घरचं कडवं मुलीने म्हटलं होतं, सुभानरावांच्या देखत, भर उत्सवात. सुभानराव डोळे मिटून बसले होते आणि रखमाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

एक्याऐंशी कडवी झाली. आरती, प्रसाद. मग कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे बरं केलं, कुणी म्हणे असं चालत नाही, छत्तिसावं नेमकं उचललं गेलं की नाही, आणि नसेल तर ते आता जायचं कुणाला? ज्याने उचललं त्याला जायचं असेल तर गुप्त्यांकडे दोन कडवी होतात, असा कायदा एकाने काढला. भास्कररावांनी पेन उघडलं आणि बंद केलं. “सुभानराव, छत्तिसाव्याला काय लिहू?”

सुभानराव भिंतीला टेकून साखरपाणी पीत होते. पेला खाली ठेवून ते म्हणाले, “पहिली दोन चरणं माझी, पुढची दोन पोरीची. तसंच लिहा.”

“असं वहीत कधी लिहिलेलं नाही.”

“मग आज लिहा. आणि सदतिसाव्याला तिचं पूर्ण नाव लिहा. बापाच्या नावासकट. अर्धवट नको.”

भास्कररावांनी लिहिलं. बापाचं आडनाव गुजराती, ते त्यांनी दोनदा विचारून लिहिलं. निरुपमा दारापाशी उभी होती. तिने ते ऐकलं आणि चपला शोधायला म्हणून खाली वाकली ती बराच वेळ वर आली नाही.

दुसऱ्या दिवशी चारू आजोबांच्या घरी आली आणि काँप्युटरच्या खुर्चीवर चढून बसली. “आजोबा, आता माझ्या पछीचं कापून द्या.”

“का गं? तुझं तर झालं.”

“ते मावशी काल डरी गयेला. पुढच्या वर्षी भुलतील तर कोण म्हणेल?”

गुप्त्यांनी टेप लावली. अडतिसावं कुठे सुरू होतं ते त्यांना लगेच सापडलं. मग वाटलं, हिला याच्या आधीचं शेपूट हवं, ते तिचंच आहे. आणि याच्या पुढचंही थोडं हवं, नाहीतर थांबायचं कुठे हे कळणार नाही. मग एकोणचाळिसाव्याचं काय? ती बाई भित्री नाही हे कुणी सांगावं? त्यांनी एक खूण केली, ती पुसली, दुसरी केली. कुठून कापायचं आणि कुठे सोडायचं याचा काही अंदाज लागेना. पडद्यावरचा पट्टा अखंड पुढे सरकत होता. शेवटी त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला, टेप पहिल्यापासून लावली, आणि चारूच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून घेतली.